भाषावार प्रांतरचना आणि शहरांचा तिढा

26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली तेव्हाचा नकाशा आजच्या शाळकरी मुलापुढे ठेवला, तर हा भारत आहे यावर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. मुंबई राज्यात अहमदाबाद, पुणे आणि धारवाड एकत्र. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी. मद्रास राज्य तुंगभद्रेपासून कन्याकुमारीच्या अलीकडपर्यंत पसरलेलं, आणि त्याच्या विधानसभेत तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड अशा चार भाषांचे आमदार. मराठवाडा हैदराबाद राज्यात. कन्नड माणूस तर पाच घरी वाटलेला: म्हैसूर, मुंबई, मद्रास, हैदराबाद आणि कुर्ग. इंग्रजांनी जसजसा मुलूख जिंकला तसतसा तो जोडत नेला, संस्थानं मधे बेटांसारखी राहू दिली, आणि स्वातंत्र्यानंतर या सगळ्याला अ, ब, क, ड अशी अक्षरं लावून तात्पुरती मांडणी झाली.

ही मांडणी टिकणार नाही हे काँग्रेसला कुणी सांगायची गरज नव्हती. 1920 च्या नागपूर अधिवेशनात पक्षाने आपल्या प्रांतिक समित्या भाषेवर बांधल्या होत्या. आंध्रची समिती तर त्याआधीच वेगळी झाली होती. 1928 च्या मोतीलाल नेहरू अहवालानेही भाषावार प्रांतांना मान्यता दिली होती. गावागावांत स्वराज्याचा विचार पोचवायचा तर तो तिथल्या बोलीतच पोचतो, हे साधं व्यवहारज्ञान त्यामागे होतं. पण हातात सत्ता आली ती फाळणीबरोबर. धर्माच्या नावाने देश नुकताच तुटलेला, निर्वासितांचे लोंढे चालू, हैदराबादचा प्रश्न पेटलेला. अशा वेळी भाषेच्या नावाने आणखी रेषा ओढायच्या या कल्पनेनेच दिल्लीतल्या नेत्यांना धडकी भरली. ही भीती खोटी होती असं मला वाटत नाही. तिचा उपयोग मात्र सोयीसोयीने झाला.

1948 साली नेमलेल्या न्यायमूर्ती धर आयोगाने निव्वळ भाषेवर प्रांत करणं देशहिताचं नाही असा निर्वाळा दिला. त्यावर ओरड झाली म्हणून जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी सीतारामय्या यांची समिती बसली. यातले पट्टाभी हे आयुष्यभर आंध्र प्रांतासाठी भांडलेले गृहस्थ. एप्रिल 1949 मधल्या या समितीच्या अहवालाने भाषावार प्रांत लांबणीवर टाकले, पण आंध्रपुरती एक फट ठेवली. आंध्रच्या लोकांनी मद्रास शहरावरचा हक्क सोडला, तर विचार करता येईल!

पुढच्या अकरा वर्षांची किल्ली याच अटीत आहे, असं माझं मत. भाषेच्या राज्याला दिल्लीचा विरोध होताच, पण ज्या राज्याच्या मागणीत एखादं मोठं, श्रीमंत, बहुभाषक शहर गुंतलेलं होतं तिथे तो दुप्पट झाला. बाकीच्या सीमा तुलनेने लवकर सुटल्या. शहरं अडून बसली.

मद्रासचंच घ्या. तेलुगू भाषकांची घोषणा होती 'मद्रास आमचंच'. तिकडे तमिळ नेते म. पो. शिवज्ञानम म्हणत होते, डोकं देऊ पण राजधानी राखू. शहरात तमिळ बहुसंख्य, पण शेजारची तेलुगू खेडी, तेलुगू व्यापारी आणि दीडशे वर्षांचा एकत्र कारभार या सगळ्यांची गुंतागुंत होती. 1951 मध्ये स्वामी सीताराम यांनी आंध्रसाठी उपोषण केलं, ते विनोबांच्या विनंतीवरून सुटलं. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसचं बहुमत गेलं. तेलुगू जिल्ह्यांतला फटका मोठा होता, आणि तिथे कम्युनिस्टांनी मुसंडी मारली होती. राजाजींना मुख्यमंत्री म्हणून आणून सरकार कसंबसं उभं केलं गेलं.

19 ऑक्टोबर 1952 ला मद्रासच्या मैलापूर भागात, बुलुसु सांबमूर्ती यांच्या घरात, पोट्टी श्रीरामुलु उपोषणाला बसले. हा मनुष्य भाषणं ठोकणारा पुढारी नव्हता. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेला, जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला, मग सगळं सोडून साबरमतीला गांधीजींकडे गेलेला. नेल्लोरमध्ये हरिजनांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून त्याने आधीही उपवास केले होते. त्यामुळे याचा उपवास नाटकी नाही, हे ओळखीच्यांना ठाऊक होतं. दिल्लीला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला नेहरूंनी राजाजींना लिहिलं की कसलंसं उपोषण चालू आहे, तारा येताहेत, मी लक्ष देणार नाही. 15 डिसेंबरच्या रात्री, अठ्ठावन्नाव्या दिवशी, श्रीरामुलु गेले. विजयवाडा, नेल्लोर, अनकापल्लीकडे लोक रस्त्यावर उतरले, गाड्या अडवल्या गेल्या, गोळीबारात माणसं मेली. चौथ्या दिवशी, 19 डिसेंबरला, नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. मद्रास वगळून!

1 ऑक्टोबर 1953 ला आंध्र राज्य जन्माला आलं ते कर्नूलमध्ये, जवळजवळ बिनराजधानीचं. बळ्ळारी जिल्ह्याचे तुकडे झाले: बळ्ळारीसह बहुतेक तालुके म्हैसूरला, अदोनी, आलूर आणि रायदुर्ग आंध्रला. श्रीरामुलु ज्या शहरात, ज्या शहरासाठीही, वारले ते तमिळांकडेच राहिलं. म्हणजे आंध्रला राज्य लवकर मिळालं त्याचं श्रेय एका माणसाच्या बलिदानाला आहे, आणि शहरावर सोडलेल्या पाण्यालाही.

एकाला दिलं म्हटल्यावर रांग लागणारच होती. डिसेंबर 1953 मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. 104 ठिकाणी हिंडून, अडतीस हजार मैलांवर प्रवास करून, नऊ हजारांहून जास्त लोकांशी बोलून त्यांनी 30 सप्टेंबर 1955 ला अहवाल दिला. आलेली पत्रं आणि निवेदनं दीड लाखावर होती, त्यातली नीट विचार केलेली जेमतेम दोन हजार, असं खुद्द आयोगानेच लिहून ठेवलंय. सरकारी अहवालात इतका प्रांजळपणा क्वचित सापडतो.

1 नोव्हेंबर 1956 ला 14 राज्यं आणि 6 केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. अ, ब, क ही अक्षरं गेली. मलबार आणि त्रावणकोर-कोचीन मिळून केरळ झाला, पण नागरकोइलच्या बाजूचे तमिळ तालुके मद्रासला गेले. बिहारमधून पुरुलिया बंगालला मिळालं. तिथल्या मानभूमच्या लोकांनी टुसूच्या सणाची गाणी म्हणत सत्याग्रह केले होते आणि शेवटी पायी कलकत्ता गाठलं होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन दिशांना गेले. मराठवाडा मुंबईकडे आला, पण त्याचे कागद मागे राहिले. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्र शासनाची समिती हैदराबादला गेली ती त्यामुळेच.

एवढी उलथापालथ इतक्या थोड्या वर्षांत होऊ शकली याचं एक कारण घटनेच्या तिसऱ्या कलमात आहे. राज्याच्या सीमा बदलायला संसदेचं साधं बहुमत पुरतं. संबंधित विधानसभेचं मत विचारावं लागतं, संमती लागत नाही. संघराज्य म्हणवणाऱ्या देशात ही तरतूद अरेरावीची वाटते, आणि आहेही. पण तीच नसती तर बिहारने पुरुलिया आणि मद्रासने आंध्र कधी सोडला असता, कोण जाणे.

आणि मग मुंबई. आयोगाने तिला हात लावायचं टाळलं: गुजरात, महाराष्ट्र मिळून द्वैभाषिक, विदर्भ वेगळा. मराठी भाषक मुंबईत सर्वांत मोठा गट होते, पण निम्म्याहून कमी. गिरण्या चालवणारे हात मराठी, भांडवल बहुतांशी दुसऱ्यांचं. 1948 साली धर आयोगापुढे मुंबई महाराष्ट्राचीच असं ठासून मांडणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी 1955 मध्ये मात्र मुंबईचं नगरराज्य आणि मराठी मुलखाची आणखी तीन राज्यं सुचवली होती. एका राज्यात एक भाषा हवी, पण एका भाषेचं एकच राज्य हवं असं नाही, हा त्यांचा मुद्दा. संयुक्त महाराष्ट्राच्या भरतीत तो फारसा कुणी ऐकला नाही.

16 जानेवारी 1956 ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असं रेडिओवर सांगितलं आणि शहर पेटलं. पोलिसांच्या गोळ्यांनी नोव्हेंबर 1955 पासून शंभराहून अधिक बळी घेतले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये संसदेने कच्छ, सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंतचं अवाढव्य द्वैभाषिक केलं, तर अहमदाबादेतही गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांचं महागुजरात आंदोलन उभं राहिलं. मराठी आणि गुजराती दोघांनाही नको असलेलं राज्य दोघांवर लादलं गेलं होतं. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. तेव्हा कुठे दिल्ली वाकायला लागली, आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. 'मुंबईसह' हा शब्द काढून टाकला असता, तर 1956 लाच मिळाला असता.

शहरांपलीकडे खेडी होती, आणि त्यांच्यासाठी एक चांगली पद्धत सापडली. आंध्र आणि मद्रासच्या सीमेचा वाद हरिभाऊ पाटसकरांकडे सोपवला गेला. त्यांनी तालुका किंवा जिल्हा न धरता खेडं हा घटक धरला. त्या खेड्यात कोणती भाषा बहुसंख्य आणि ते त्या राज्याला लागून आहे का, एवढं पाहिलं. दोन्हींकडची गावं अदलाबदल होऊन 1 एप्रिल 1960 पासून ती सीमा मिटली. तिरुत्तणी मद्रासला गेलं. बेळगाव, कारवार, निपाणीसाठी महाराष्ट्राने हेच सूत्र मागितलं. 1967 च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, निपाणी महाराष्ट्राला देऊ केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हे सूत्र आपल्या माणसाने घालून दिलं आणि परक्या सीमेवर चाललं, याची खंत सीमाभागात कुणाशीही बोला, ऐकायला मिळते.

भाषेच्या राज्यांनी देश फुटेल ही भीती मात्र खरी ठरली नाही. 1950 च्या दशकात ज्यांनी गाड्या अडवल्या, ते राज्य मिळाल्यावर अर्थसंकल्प, धरणं आणि साखर कारखान्यांच्या राजकारणात रमले. भाषा एक असली की घर एक राहतं, हेही खरं ठरलं नाही. आयोगाने तेलंगणाला घाईने आंध्रात मिसळू नका, 1961 च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर तिथल्या विधानसभेला ठरवू द्या, असं सुचवलं होतं. ते डावललं गेलं. आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांमध्ये 1956 ला झालेल्या सभ्य गृहस्थांच्या कराराची कलमं पाळली गेली नाहीत, 1969 ला आंदोलन झालं, आणि 2 जून 2014 ला तेलुगू बोलणाऱ्यांची दोन राज्यं झाली. त्याही वेळी सर्वांत जास्त घोळ हैदराबादवर झाला. दहा वर्षांपर्यंत ते दोघांची संयुक्त राजधानी राहील असं कायद्यात लिहावं लागलं. ती मुदत 2 जून 2024 ला संपली आणि हैदराबाद तेलंगणाचं एकट्याचं झालं.