रात्री आठ ते दुपारी दीड
जव्हार तालुक्यातल्या सहा पाड्यांवरच्या शाळांमध्ये सकाळच्या न्याहारीसाठी मदतीचं आवाहन
शैक्षणिक वर्ष २०२५-२६

पाड्यावरचं मूल रात्री आठच्या सुमारास जेवतं. सकाळी आई-वडील उजाडताच कामावर निघालेले असतात. चुलीवर कोरा चहा असतो, कधी त्यात बुडवायला बटर किंवा रात्रीची उरलेली भाकरी. पुष्कळदा नुसताच चहा. मूल डोंगर उतरून साडेदहाच्या शाळेला येतं आणि दुपारी दीडला शाळेतलं जेवण जेवतं. दोन जेवणांमध्ये साडेसतरा तास जातात, आणि वाचायला, मोजायला शिकण्याची वेळ नेमकी त्या तासांच्या शेवटी येते.

दुसऱ्या तासाला 'बाई, पोट दुखतंय' म्हणणारं मूल बहुतेक वेळा आजारी नसतं, उपाशी असतं. फळ्याकडे बघता बघता डोळे मिटणारं मूल आळशी नसतं. ही भूक सव्वादहाला, परिपाठाच्या आधी, एका वाटीने भागते. ती वाटी वर्षभर चुकू नये, एवढ्यासाठी आम्ही तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

दुपारचं जेवण सरकारचं, न्याहारी आपली

देणगीदार हा प्रश्न नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे: शाळेत सरकारी पोषण आहार मिळतोच ना? मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. धान्य घरी न देता शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. हा मुलांचा हक्क आहे. आम्ही त्या जेवणाच्या जागी काही देत नाही, त्यात आमचा रुपयाही घालत नाही आणि त्याच्या शिध्याला हात लावत नाही. आमचा साठा, कोठी आणि नोंदवही वेगळी असते.

न्याहारी मुद्दाम लहान ठेवली आहे. सकाळी पोटभर वाढलं तर दीडला मुलं खिचडी टाकून देतात आणि एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं.

वाटीत काय असतं

सोमवार आणि गुरुवार: नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज, गूळ आणि दूध पावडर घालून.
मंगळवार आणि शुक्रवार: एक उकडलेलं अंडं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे.
बुधवार: मोडाच्या मटकीची उसळ.
शनिवार: शेंगदाणा-गुळाचा लाडू. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे गॅस पेटवायला वेळ नसतो. लाडू आदल्या दिवशी वळून ठेवता येतात.

नागली निवडली कारण ती इथल्याच वरकस जमिनीत पिकते आणि मुलांच्या जिभेला ती ओळखीची आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ३० ग्रॅम पिठाच्या एका वाटीतून शंभरएक मिलिग्रॅम. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि जवळपास तेवढीच ३० ग्रॅम मटकीतून किंवा २५ ग्रॅम शेंगदाण्यांच्या लाडवातून. उसळीवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं, आणि उकळीत ते जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. चहाने उलटं होतं, तो लोह शोषू देत नाही. म्हणून न्याहारीबरोबर चहा नाही, कोणी देऊ केला तरी नाही.

बिघडतं कुठे

ही वाटी साधी दिसते. ती रोज, सहा ठिकाणी, धो धो पावसातही नीट उतरवणं हेच खरं काम आहे. तुमचे पैसे बऱ्याच अंशी याच काळजीवर खर्च होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पेज: ३४ मुलांसाठी एक किलो नागलीचं पीठ, ४०० ग्रॅम गूळ, २७५ ग्रॅम दूध पावडर आणि साडेआठ लिटर पाणी. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या आतून कच्च्या राहतात. दूध पावडर वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात विरघळवायची. दूध घालून वर गूळ टाकला आणि उकळी आली तर दूध फाटतं. म्हणून पेज पूर्ण शिजली की गॅस बंद करून गूळ विरघळवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मग दूध घालायचं.

पीठ: जून ते सप्टेंबर पिठाला जाळी धरते, पोरकिडे होतात. त्यामुळे पीठ साठवत नाही. नागली दाण्याच्या रूपात ठेवतो आणि पंधरा दिवसांपुरतीच दळून आणतो.

शेंगदाणे: सगळ्यात जास्त धाक यांचा. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते, ती यकृताला घातक विष तयार करते आणि ते विष भाजल्यानेही पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकतो; पिशवीला कुबट वास आला तर अख्खी पिशवी टाकतो. पावसाळ्यात एका वेळी एका आठवड्याचेच दाणे घेतो. किरकोळीने ते महाग पडतात, पण यात काटकसर करणार नाही.

अंडी: दर आठवड्याला जव्हारच्या बाजारातून. उकडण्याआधी प्रत्येक अंडं पाण्यात टाकून बघायचं. जे वर तरंगतं ते बाद. तडकलेलंही बाद. शंभरात तीन-चार जातील असं धरूनच खरेदी होते.

मटकी: आठ तास भिजवून बारा तास फडक्यात बांधायची. थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आदल्या दिवशी सकाळीच भिजत घालावी लागते. दमट हवेत मात्र ती चिकट होते, आंबूस वास येतो. अशी मटकी शिजवायची नाही, त्या दिवशी लाडू. कच्चे मोड मुलांना कधीच देत नाही.

वाढण्याआधी अर्धा तास एक शिक्षक आणि एक पालक चव घेतात आणि वहीत वेळ लिहून सही करतात. एक वाटी झाकून शाळा सुटेपर्यंत बाजूला ठेवतात, म्हणजे कोणाला त्रास झालाच तर तपासायला नमुना असतो. ज्यांना शेंगदाणा किंवा अंडं बाधतं त्यांची नावं स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेली असतात.

हिशोब

सहा शाळा, पटावर २४० मुलं, शाळेचे सुमारे २२० दिवस. रोजची सरासरी हजेरी २०४ धरली आहे, कारण दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. काही मुलं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. मागे राहिलेल्यांना तर या वाटीची गरज जास्तच. वर्षभरात मिळून सुमारे ४५,००० वाट्या होतात.

जिन्नस (वाटीमागे सरासरी ५ रुपये ८० पैसे): २,६१,००० रुपये
सहा स्वयंपाकी ताईंचं मानधन, महिना २,००० प्रमाणे १० महिने: १,२०,००० रुपये
आठवड्याची ने-आण, ४० फेऱ्या: ३६,००० रुपये
गॅस, १९ किलोचे १८ सिलिंडर: ३१,५०० रुपये
भांडी, साबण, वजनकाटे, दुरुस्ती: १८,००० रुपये
लेखापरीक्षण आणि छपाई: १५,००० रुपये
एकूण: ४,८१,५०० रुपये

म्हणजे एक वाटी १० रुपये ७० पैशांना पडते. जिन्नस त्यातला निम्म्याहून थोडाच जास्त आहे, हे लपवण्यासारखं नाही. मानधन काढून टाकलं तर वाटी आठ रुपयांत बसवता येईल, पण पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईने फुकट राबावं असं आम्हाला वाटत नाही. विश्वस्त मानधन घेत नाहीत.

नियमित देणगीदारांकडून २,६०,००० रुपये येणार आहेत. कमी पडतात २,२१,५०० रुपये. शाळा १६ जूनला उघडते. १० जूनपर्यंत ही रक्कम जमली नाही तर सहाही शाळा चालू राहतील, पण आधी अंड्याचा एक दिवस कमी होईल आणि मग शनिवारचा लाडू. कोणतीही एक शाळा वगळायची नाही असं ठरलेलं आहे.

काय देता येईल

२०० रुपये: एका मुलाची एका महिन्याची न्याहारी.
१,५३० रुपये: सहाही शाळांत एका दिवसाची अंडी.
२,००० रुपये: एका मुलाचं पूर्ण वर्ष.
२,२०० रुपये: सहाही शाळांचा एक दिवस. वाढदिवस किंवा घरच्यांचा स्मृतिदिन असेल तर तारीख कळवा. त्या दिवशी फलकावर नाव लिहिलं जाईल. केक आणू नका.

दरमहा दिलेले २०० रुपये आम्हाला एकदम दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण पुढे दरमहा किती पैसे येणार हे ठाऊक असलं की नागली आणि गूळ सुगीत, स्वस्त असताना, बोलून ठेवता येतो.

वस्तू देणार असाल तर आधी विचारा. बिस्किटं, मुदत संपत आलेली पाकिटं आणि उरलेलं जेवण आम्ही घेत नाही. स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे आणि दहा किलोपर्यंतचा वजनकाटा हवा आहे.

पावतीबद्दल

आयकरात ८०जी खाली वजावट हवी असेल तर पॅन क्रमांक द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने पाठवा. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट लागू होत नाही. यंदाच्या देणगीचं १०बीई प्रमाणपत्र ३१ मे २०२६ पर्यंत मिळेल. परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले मराठी बांधव आपल्या भारतातल्या बँक खात्यातून देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ओसीआय कार्ड असलं तरी, आम्हाला पैसे घेता येत नाहीत. परदेशी देणग्यांची परवानगी आमच्याकडे नाही. अशांनी गावाकडच्या माणसांना हे पत्रक द्यावं, तीही मदतच आहे.

या पत्रकावर मुलांचे फोटो नाहीत. भुकेलं तोंड छापून पैसे मागायचे नाहीत, असा आमचा नियम आहे. मुलांची उंची-वजनं जुलै आणि मार्चमध्ये घेतो आणि पालकांना सांगतो. वजन वाढलं तर ते न्याहारीमुळेच असं म्हणता येत नाही. दुपारचं जेवण, जंतनाशक गोळी, हवापाणी सगळंच त्यात असतं. आम्ही ठामपणे सांगू शकतो ते इतकंच: किती वाट्या वाढल्या, कोणत्या दिवशी, कितीला. हा तक्ता दर तीन महिन्यांनी प्रत्येक देणगीदाराला पाठवला जातो, आणि न वाढलेल्या दिवसांची कारणंही त्यात असतात.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर बुधवारी या, दोन दिवस आधी कळवून. सव्वानऊला शाळेत पोहोचलात तर उसळीला फोडणी पडताना दिसेल. मुलांचे फोटो काढू नका, खाऊ वाटू नका. वाढायला हात मात्र लावा.

खाते क्रमांक, क्यूआर कोड आणि फोन मागच्या पानावर. पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि 'न्याहारी' एवढा शब्द कळवा, म्हणजे पावती चुकणार नाही.