सिंगापूर सहल : निघण्यापूर्वी वाचावयाच्या सूचना

सप्रेम नमस्कार,

१४ नोव्हेंबरला सांगलीहून निघणाऱ्या आपल्या गटातील बहुतेक मंडळी प्रथमच परदेशी जात आहेत, म्हणून ही माहिती जरा विस्ताराने देत आहोत. चलन, कार्ड आणि सिमकार्ड या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने त्यांची व्यवस्था निघण्याच्या किमान आठ दिवस आधी, घरी निवांत बसून करावी.

निवास, न्याहारी, रात्रीचे जेवण आणि प्रवेश तिकिटे सहलीच्या रकमेत आलेलीच आहेत. त्यामुळे दुपारचे जेवण व किरकोळ खरेदी यांसाठी प्रत्येकी ३०० सिंगापूर डॉलर रोख पुरेसे होतात. ते १० आणि ५० च्या नोटांत मागावेत, कारण खाद्यपदार्थांच्या लहान गाळ्यांवर मोठी नोट मोडताना अडचण होते. विमानतळावर दर बहुधा महाग पडतो, म्हणून चलन आपल्या बँकेतून किंवा अधिकृत चलन विनिमय केंद्रातूनच घ्यावे. तिथे पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट दाखवावे लागते. पावती जपून ठेवावी. परत आल्यावर उरलेले चलन बदलताना ती उपयोगी पडते. भारतातून जाताना एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या परकीय नोटा नेता येतात आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंतच सोबत ठेवता येतात.

बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवण्याच्या कार्डात, सिंगापूर डॉलरमध्येच भरावी. आपले नेहमीचे डेबिट वा क्रेडिट कार्ड अडीअडचणीसाठी सोबत असू द्यावे. मात्र त्यावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागतात. मागच्या एका सहलीत आमच्या एका भगिनींचे कार्ड औषधाच्या दुकानात तीनदा नाकारले गेले. खात्यात पैसे होते, पण ही सोय बंद होती आणि ती सुरू करण्यासाठीचा ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम घरी कपाटात राहिले होते. तो अर्धा तास त्यांना किती जड गेला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. दुकानातील यंत्राच्या पडद्यावर कधीकधी एकाच खरेदीच्या दोन रकमा दिसतात, एक INR आणि दुसरी SGD. रुपये ओळखीचे म्हणून INR वर बोट ठेवण्याचा मोह होतो, पण त्यात जादा दर लागतो. प्रत्येक वेळी SGD हाच पर्याय निवडावा.

वर सांगितलेल्या कारणासाठी बँकेला जोडलेले भारतीय सिम फोनमध्येच ठेवावे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे. इंटरनेटसाठी रोमिंग पॅक घ्यावा किंवा चांगी विमानतळावर पासपोर्ट दाखवून पर्यटकांचे सिम घ्यावे. असे सिम घेतल्यास भारतीय सिमवरील डेटा रोमिंग बंद ठेवावे, म्हणजे नको ते बिल येणार नाही.

सिंगापूरला उतरण्यापूर्वी `SG Arrival Card` भरणे आवश्यक आहे. ते `ica.gov.sg` या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे वळू नये. आपण १५ तारखेला पोहोचणार असल्याने ते १३ तारखेपासून भरता येईल. ज्यांना जमणार नाही त्यांनी कार्यालयात यावे, आम्ही शेजारी बसून भरून देऊ.

बस सकाळी ८ वाजता निघेल. विमान मुंबईच्या टर्मिनल २ वरून रात्री ११:४० ला आहे आणि आपण ८ वाजेपर्यंत तिथे पोहोचायचे आहे. प्रवेशद्वारावर जवानांना तिकीट व पासपोर्ट दाखवावा, विमान कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग देऊन तिची चिठ्ठी आणि बोर्डिंग पास घ्यावा, आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांना ‘सहलीला जातोय, इतके दिवस राहणार’ अशी साधी, खरी उत्तरे द्यावीत. घाबरण्याचे काहीही कारण नाही. सुरक्षा तपासणी झाली की थेट आपल्या गेटजवळ येऊन बसावे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. लोणचे, तूप आणि तेलाची बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, ती नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही, म्हणून लाडू-चटण्या बांधताना वाटीचे खोबरे घरीच ठेवावे. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत हवीत. गुटखा, खाण्याची तंबाखू, ई-सिगारेट आणि च्युइंगम सिंगापूरमध्ये नेण्यास बंदी आहे आणि तिथे नियम कडकपणे पाळले जातात. एक पुडीसुद्धा खिशात राहू देऊ नये.

पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांच्या छापील प्रती १० नोव्हेंबरला दुपारी ४ वाजता कार्यालयात मिळतील. त्या वेळी आपला फोन आणि कार्डे सोबत आणावीत, म्हणजे सर्व सोयी सुरू आहेत की नाहीत ते तिथेच पाहून घेता येईल.

आपला,
सहल व्यवस्थापक