दादा, गिरणीच्या पैशांबद्दल

दादा, काल फोनवर लगेच बोललो नाही, कारण घरी हिशेब मांडून मगच सांगायचं होतं. गिरणीसाठी 2 लाख मला देता येणार नाहीत. थोडे थोडे करूनही नाही आणि दिवाळीनंतरही नाही. त्यामुळे माझ्या भरवशावर मशीनचा बयाणा देऊ नकोस.

गिरणीची कल्पना मात्र पटली. मुद्रा योजनेच्या किशोर गटात 5 लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. आधार, पॅन, मशीनचं कोटेशन आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून ठेव. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटच्या नादी लागू नकोस. जामीन राहणंही जमणार नाही, पण रविवारी येतो, अर्ज बसून भरू. वहिनीला सांग, जेवायलाच येतोय.