राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांची नावे समूह आरोग्य विमा पॉलिसीतून वगळून उर्वरित मुदतीचा हप्ता परत मिळण्याबाबत

दिनांक : २० जानेवारी २०२६
जावक क्रमांक : मनुष्यबळ/विमा/२०२५-२६/४१

प्रति,
माननीय शाखा व्यवस्थापक,
समूह आरोग्य विमा विभाग

विषय : दहा कर्मचारी व त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय, असे एकूण ३३ सदस्य वगळणे, पैकी आठ कर्मचाऱ्यांच्या उर्वरित मुदतीचा हप्ता दिवसांच्या प्रमाणात परत मिळणे

संदर्भ :
१. समूह आरोग्य विमा पॉलिसी क्रमांक ५१०२/४८/२५-२६/००३१७, मुदत १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६
२. आमचे ६ नोव्हेंबर २०२५, ५ डिसेंबर २०२५ व ६ जानेवारी २०२६ चे ईमेल
३. आपल्या विभागाकडून १४ जानेवारी २०२६ रोजी आलेला परतावा हिशेबाचा मसुदा

महोदय,

वरील पॉलिसीत विमा संरक्षण असलेले आमचे दहा कर्मचारी ३१ ऑक्टोबर २०२५ ते ९ जानेवारी २०२६ या काळात राजीनामा देऊन कार्यमुक्त झाले आहेत. त्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची नावे पॉलिसीतून वगळून तसे एन्डॉर्समेंट द्यावे आणि देय असलेला हप्ता परत करावा, ही विनंती. सदस्यांची नावे, जन्मतारखा व ई-कार्ड क्रमांक सोबतच्या पासवर्ड लावलेल्या एक्सेल फाइलमध्ये आहेत. हे पत्र अनेक टेबलांवरून फिरते, म्हणून इथे फक्त कर्मचारी क्रमांक दिले आहेत.

ज्यांच्या नावावर किंवा ज्यांच्या कुटुंबीयांच्या नावावर या वर्षात एकही दावा नाही, अशा आठ जणांचा हिशेब असा :

| कर्मचारी क्र. | सदस्य | कामाचा शेवटचा दिवस | उरलेले दिवस | दर दिवसाचा हप्ता (रु.) | परतावा (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| इ-११४७ | ४ | ३१ ऑक्टोबर २०२५ | १५१ | ४५ | ६,७९५ |
| इ-१२०३ | १ | ३१ ऑक्टोबर २०२५ | १५१ | २० | ३,०२० |
| इ-०९८६ | ५ | १४ नोव्हेंबर २०२५ | १३७ | ९५ | १३,०१५ |
| इ-१३११ | १ | २८ नोव्हेंबर २०२५ | १२३ | २० | २,४६० |
| इ-१०७५ | ३ | १२ डिसेंबर २०२५ | १०९ | ४५ | ४,९०५ |
| इ-१२९८ | १ | ३१ डिसेंबर २०२५ | ९० | २० | १,८०० |
| इ-०८७१ | ६ | ३१ डिसेंबर २०२५ | ९० | ९५ | ८,५५० |
| इ-१३३२ | ४ | ९ जानेवारी २०२६ | ८१ | ४५ | ३,६४५ |
| एकूण | २५ | | | | ४४,१९० |

त्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी ७,९५४.२० रुपये धरून एकूण परतावा ५२,१४४.२० रुपये होतो.

पॉलिसीच्या दरपत्रकात वार्षिक हप्ता एकट्या कर्मचाऱ्यासाठी ७,३०० रुपये, पती-पत्नी व मुलांसह १६,४२५ रुपये आणि आई-वडील धरून ३४,६७५ रुपये आहे. त्याला ३६५ ने भागून दर दिवसाची रक्कम काढली आहे. कामाचा शेवटचा दिवस संरक्षणात मोजला असून उरलेले दिवस दुसऱ्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत धरले आहेत.

यातील इ-१३३२ कडे विशेष लक्ष द्यावे. हे कर्मचारी १ जुलै २०२५ रोजी रुजू झाले, त्यामुळे त्यांचा हप्ता पूर्ण वर्षाचा नसून २७४ दिवसांचा, म्हणजे १२,३३० रुपये भरला गेला आहे. ही रक्कम २७४ ने भागायची आहे. सवयीने ३६५ ने भागली तर परतावा ३,६४५ ऐवजी २,७३६.२५ रुपये दिसेल. वर्षाच्या मध्ये आलेले आणि मध्येच गेलेले कर्मचारी असले की ही गफलत हमखास होते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या १४ जानेवारीच्या मसुद्यात पहिल्या सातही कर्मचाऱ्यांना वगळल्याची तारीख सरसकट ६ जानेवारी २०२६ धरली आहे. आमचा शेवटचा ईमेल त्या दिवशीचा आहे, एवढेच त्यामागचे कारण दिसते. त्यामुळे सातही जणांचे ८४ दिवसच उरतात आणि परतावा २८,५६० रुपयांवर येतो. आमच्या हिशेबाने या सात जणांचा परतावा ४०,५४५ रुपये आहे. फरक ११,९८५ रुपयांचा, तोही जीएसटी वगळून. हा मसुदा आम्हाला मान्य नाही.

कर्मचारी गेल्यापासून ३० दिवसांत विमा कंपनीला कळवले, तर वगळण्याची तारीख कामाच्या शेवटच्या दिवसाची धरायची, अशी अट पॉलिसीतील सदस्य वाढवण्या-वगळण्याच्या कलमात आहे. कळवण्यास उशीर झाला तरच कळवल्याची तारीख लागू होते. ऑक्टोबरमध्ये गेलेल्या दोघांची माहिती आम्ही ६ नोव्हेंबरला पाठवली. नोव्हेंबरमध्ये गेलेल्यांची ५ डिसेंबरला आणि डिसेंबरमध्ये गेलेल्यांची ६ जानेवारीला पाठवली. सर्वात जास्त अंतर इ-१०७५ यांचे आहे, १२ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे २५ दिवसांचे. तिन्ही ईमेल आपल्या एन्डॉर्समेंट विभागाच्या अधिकृत पत्त्यावर गेले असून त्यांची स्वयंचलित पोचही आमच्याकडे आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या ईमेलवर एन्डॉर्समेंट निघाले नाही आणि तिन्ही याद्या एकत्र करून जानेवारीत हिशेब झाला, ही अंतर्गत बाब आहे. तिचा भार पॉलिसीधारकावर पडू नये. इ-१३३२ यांची माहिती या पत्राने प्रथमच देत आहोत. त्यांना जाऊन ११ दिवस झाले आहेत.

मसुद्यासोबतच्या टिपेत अल्पमुदतीच्या दरतक्त्याचाही उल्लेख आहे. आम्ही पॉलिसी रद्द करत नाही. ती ३१ मार्चपर्यंत चालू राहणार आहे, फक्त काही सदस्य कमी होत आहेत. त्यासाठी पॉलिसीत दिवसांच्या प्रमाणात परतावा असे स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा हा तक्ता इथे लावू नये.

रक्कम आपल्या दृष्टीने लहान असेल, पण ती सगळी आमची नाही. आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता, म्हणजे दर दिवसाच्या ९५ पैकी ५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, आम्ही कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापतो. इ-०९८६ यांचे ६,८५० आणि इ-०८७१ यांचे ४,५०० रुपये, जीएसटीसह दोघांचे मिळून १३,३९३ रुपये, त्यांना परत द्यायचे आहेत. दोघांचा अंतिम हिशेब केवळ एवढ्यासाठी उघडा राहिला आहे आणि ते आम्हाला फोन करून विचारत आहेत, जे त्यांच्या जागी कोणीही करेल.

उरलेल्या दोन कर्मचाऱ्यांबद्दल आम्ही परतावा मागत नाही; मात्र त्यांची प्रकरणे एकसारखी नाहीत.

इ-११२० (सदस्य ३, शेवटचा दिवस २८ नोव्हेंबर २०२५) यांच्या पत्नीचा दावा ऑगस्टमध्ये मंजूर होऊन रक्कम अदा झाली आहे. दावा झालेल्या कुटुंबाचा हप्ता परत मिळत नाही, हे मान्य आहे. नावे २८ नोव्हेंबरपासून वगळावीत.

इ-०९४३ (सदस्य ५, शेवटचा दिवस ९ जानेवारी २०२६) यांच्या आई ६ जानेवारीला कॅशलेस पूर्वमंजुरी घेऊन रुग्णालयात दाखल झाल्या आणि १३ जानेवारीला घरी आल्या. मुलाची नोकरी मधल्या काळात संपली, पण दाखल होण्याची तारीख संरक्षणातली आहे. अशा रुग्णाचा खर्च डिस्चार्जपर्यंत ग्राह्य धरण्याची तरतूद आपल्या पॉलिसीत आहे. टीपीएकडून अंतिम मंजुरी अजून यायची आहे. म्हणून या कुटुंबाची नोंद आत्ता वगळू नये. नोंद आधी वगळली गेली, तर संगणक ‘सदस्य आढळत नाही’ म्हणून दावा परत पाठवेल आणि रुग्णालय त्या कुटुंबाच्या मागे लागेल. दावा मिटल्यावर ९ जानेवारीपासूनच्या परिणामाने नावे वगळावीत. डिस्चार्जनंतरच्या औषध-तपासण्यांचा खर्च ९ जानेवारीनंतरही मिळेल की नाही, तेही लेखी कळवावे, म्हणजे आम्ही त्यांना ठाम उत्तर देऊ शकू.

पहिल्या आठ जणांचा एकही दावा नाही, हे आम्ही टीपीएच्या १९ जानेवारीच्या दावा अहवालावरून म्हणत आहोत. नोकरी सुटण्यापूर्वीच्या उपचारांची बिले कोणी नंतर सादर केली आणि दावा मंजूर झाला, तर त्या कुटुंबाचा परतावा आमच्याकडून वळता करून घेण्यास हरकत नाही. तसे हमीपत्र सोबत जोडले आहे. या शक्यतेपोटी सगळ्यांचा परतावा मात्र अडवून ठेवू नये.

परताव्याची रक्कम सीडी खात्यात जमा न करता, ज्या बँक खात्यातून हप्ता भरला त्याच खात्यात एनईएफटीने पाठवावी. मार्चअखेरपर्यंत आम्हाला दोनच नवे कर्मचारी जोडायचे आहेत आणि त्यांच्यासाठी सीडी खात्यातील सध्याची शिल्लक पुरेशी आहे.

जीएसटीसाठी आमच्या जीएसटी क्रमांकावर क्रेडिट नोट द्यावी आणि तीत मूळ बीजकाचा क्रमांक नमूद करावा. या हप्त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट कलम १७(५) मुळे आम्हाला मिळत नाही आणि आम्ही ते घेतलेलेही नाही. त्यामुळे आमच्याकडून ते उलटवण्याचा प्रश्न येत नाही; तसे लेखापालांचे घोषणापत्र जोडले आहे.

एन्डॉर्समेंट निघाले की सुधारित सदस्य यादी टीपीएला त्याच दिवशी जावी. गेलेल्या कर्मचाऱ्यांची ई-कार्डे आम्ही परत मागवू शकत नाही, ती त्यांच्या फोनमध्ये असतात. कार्ड चालू राहिले आणि कोणी ते रुग्णालयात दाखवले, तर वाद तिघांमध्ये होईल.

आणखी एक. इ-०८७१ यांना आई-वडिलांसह आपल्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घ्यायची आहे. समूह पॉलिसीत काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात मोजली जावीत, यासाठी त्यांना आजवरच्या सलग संरक्षणाचे प्रमाणपत्र लागेल. आई-वडील ज्येष्ठ आहेत आणि आजघडीला त्यांना कुठलेच संरक्षण नाही. हे प्रमाणपत्र परताव्याच्या हिशेबासाठी थांबवू नये, ते या आठवड्यातच मिळावे.

एन्डॉर्समेंट, क्रेडिट नोट आणि परतावा ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मिळावा. आमच्या हिशेबातील एखादी ओळ आपल्याला पटत नसेल, तर त्या ओळीपुरता आक्षेप कळवावा आणि बाकीच्यांचा परतावा मोकळा करावा. वगळण्याच्या तारखेबाबत आपले मत बदलणार नसेल, तर त्यासाठी पॉलिसीतील कोणत्या अटीचा आधार घेतला हे लेखी द्यावे, म्हणजे विषय आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे नेता येईल.

आपला विश्वासू,

(सही व शिक्का)
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
पॉलिसीधारक कंपनीकरिता अधिकृत स्वाक्षरीकर्ता

सोबत :
१. वगळायच्या ३३ सदस्यांची यादी (पासवर्ड वेगळ्या ईमेलने)
२. दहा कर्मचाऱ्यांच्या कार्यमुक्ती पत्रांच्या प्रती
३. तिन्ही ईमेल व त्यांच्या पोचा
४. टीपीएचा १९ जानेवारी २०२६ चा दावा अहवाल
५. उशिरा येणाऱ्या दाव्यांबाबतचे हमीपत्र
६. इनपुट टॅक्स क्रेडिट न घेतल्याचे घोषणापत्र

प्रत माहितीसाठी : आमचे विमा ब्रोकर, टीपीए, सदस्य नोंदणी विभाग (इ-०९४३ यांच्या दाव्याच्या परिच्छेदाकडे लक्ष द्यावे)