रायडरांसाठी सामायिक डेटाची बल्क योजना मिळण्याबाबत

दिनांक : ६ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
व्यावसायिक ग्राहक विभाग

विषय : १४० सिमसाठी एकच सामायिक डेटा असलेली बल्क योजना

महोदय,

आमच्या डिलिव्हरी कंपनीत आपली १४० पोस्टपेड सिम चालू आहेत. प्रत्येक सिमला महिन्याला ८ जीबी डेटा आणि अमर्याद कॉल, अशी सध्याची योजना आहे. कॉलबद्दल तक्रार नाही. डेटाचे गणित मात्र बसत नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबरच्या बिलाप्रमाणे आम्ही १,१२० जीबीचे पैसे भरले आणि त्यातला ७६० जीबी वापरला. ३६० जीबी बुडाला. त्याच महिन्यात २७ रायडरांचा कोटा बिलाची तारीख यायच्या आधीच संपला आणि त्यांचे इंटरनेट मंदावले. एकीकडे डेटा वाया आणि दुसरीकडे डेटाची बोंब, हे दर महिन्याचेच झाले आहे.

कारण सरळ आहे. रायडरांचे काम एकसारखे नसते. जो त्याच भागात वर्षानुवर्षे फिरतो त्याला नकाशा लागतच नाही. पत्ता वाचला की गाडीला किक. नवा मुलगा मात्र दिवसभर नकाशा उघडा ठेवून फिरतो. कुणी फक्त शनिवार-रविवार काम करतो, त्याच्या सिमवर महिनाअखेर बराचसा कोटा तसाच पडलेला असतो. मोठी पार्सले पोचवणाऱ्यांना प्रत्येक वस्तूचे दोन-तीन फोटो चढवावे लागतात, तर कागदपत्रे नेणाऱ्याचे एका सहीवर भागते. शिवाय आम्ही माणसांचे भाग बदलत असतो, त्यामुळे या महिन्यात कमी डेटा लागणारा पुढच्या महिन्यात सर्वांत जास्त वापरणारा होऊ शकतो. कोणाला ८ आणि कोणाला १५ जीबीचा प्लॅन द्यायचा हे आधी ठरवून काही उपयोग होत नाही. आम्ही एकदा तसे करून पाहिले. पुढच्याच महिन्यात यादी उलटीपालटी झाली.

कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाला मेसेज जातो म्हणून ‘नेट चालू आहे’ असे आपल्या ग्राहक सेवेकडून सांगितले जाते. पण दारात ठेवलेल्या पार्सलचा ३ एमबीचा फोटो या वेगाने चढायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, सहा मिनिटांहून जास्त लागतात. फोटो चढल्याशिवाय आमच्या ॲपमध्ये ऑर्डर पूर्ण होत नाही आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पुढचा पत्ता उघडत नाही. रायडर जिन्यात उभा, ग्राहकाने दार लावून घेतलेले, स्क्रीनवर गोल फिरतोय. पैसे घ्यायचे असतील तर पंचाईत आणखी वाढते, कारण क्यूआर कोडच उघडत नाही. मग रायडर स्वतःच्या खासगी सिमचे नेट वापरतो आणि महिनाअखेर त्याचे पैसे आमच्याकडे मागतो, ते रास्तच आहे. फोटोचा आकार कमी करण्याचे काम आमच्या बाजूने सुरू आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटणार नाही.

म्हणून आमची मागणी अशी : सिमवार कोटा बंद करून सगळ्या १४० सिमसाठी मिळून महिन्याला ९०० जीबीचा एकच साठा द्यावा. आजच्या वापरापेक्षा तो १४० जीबीने जास्त आहे, म्हणजे वाढत्या कामाला जागा राहते. सिम वाढले की साठा त्या प्रमाणात वाढावा. विक्रीच्या हंगामात आम्ही तात्पुरती माणसे घेतो, तेव्हा ५० जीबीच्या पटीत जादा डेटा त्याच दिवशी, नेहमीच्याच दराने मिळावा. साठा संपल्यावर आपोआप चढा दर लागू होणे आम्हाला नको. ७० आणि ९० टक्क्यांवर आमच्या कार्यालयाला सूचना यावी आणि पुढचा निर्णय आम्ही घ्यावा.

सामायिक साठ्यात एक धोका असतो, तो आम्ही गृहीत धरला आहे. एखाद्याने दुपारच्या सुट्टीत मॅच पाहायला सुरुवात केली तर तो बाकीच्यांचा डेटा खाणार. त्यासाठी प्रत्येक सिमवर कमाल मर्यादा घालण्याची सोय हवी. सुरुवातीला ती १५ जीबी ठेवू. पण ती बदलण्याचा अधिकार आमच्या पर्यवेक्षकाकडे, पोर्टलवर असावा. त्यासाठी ईमेल करून दोन दिवस थांबणे परवडत नाही. हॉटस्पॉट सर्व सिमवर बंद ठेवता आला तर उत्तम. कोणत्या नंबरवर किती डेटा गेला एवढाच तपशील आम्हाला रोज हवा. रायडर काय पाहतो, कोणाशी बोलतो, ही माहिती आम्हाला देऊ नये. आम्हाला ती नको आहे, आणि तसे करारात लिहावे.

आता सिमच्या अदलाबदलीबद्दल. या धंद्यात माणसे येत-जात राहतात. सध्या एक सिम बंद करायला अर्ज, मग फोन, मग पुन्हा फोन असा प्रकार आहे आणि तोवर भाडे चालूच. पोर्टलवरून सिम स्थगित करता यावे, स्थगित काळात त्याचे भाडे लागू नये आणि हरवलेल्या सिमच्या जागी त्याच नंबरचे सिम एका कामाच्या दिवसात मिळावे. नव्या वापरकर्त्याची ओळख पडताळणी आपल्या नियमाप्रमाणे करूच. फक्त ती आमच्या कार्यालयात, ठरलेल्या वारी, एकत्र करता आली तर रायडरांचा दिवस मोडणार नाही.

सोडून गेलेल्या माणसाचा नंबर लगेच दुसऱ्याला देणे आम्ही बंद केले आहे. कितीही सांगितले तरी काहीजण कामाचा नंबर बँकेत देऊन ठेवतात आणि नंतर त्यांचे ओटीपी नव्या मुलाच्या फोनवर येत राहतात. असे नंबर आम्ही तीन महिने बाजूला ठेवू इच्छितो. या नंबरांचे मासिक भाडे माफ असावे, आणि त्या काळात ते आपल्याकडून इतर कोणालाही दिले जाऊ नयेत.

सगळी सिम एकदम नव्या योजनेत टाकण्याआधी २० सिमवर एका बिल-चक्राची चाचणी घेऊ. त्या २० जणांसाठी १३० जीबीचा साठा पुरेल. यात मुद्दाम तळघरातली गोदामे आणि उंच इमारतींचे भाग करणारे रायडर घेतले आहेत. तिथे सिग्नलच मिळत नसेल, तर साठा कितीही मोठा असून उपयोग नाही. ज्या ठिकाणी अडचण येईल त्यांची यादी आम्ही देऊ. तिथे काय करता येईल ते आपल्या तांत्रिक विभागाने प्रत्यक्ष पाहून सांगावे.

दराबाबत आमची अपेक्षा अशी की, ९०० जीबीच्या योजनेचे एकूण बिल आजच्या बिलापेक्षा कमी यावे. आम्ही २२० जीबी कमी मागत आहोत आणि एका वर्षाचा करार करायला तयार आहोत. उरलेला डेटा पुढच्या एका महिन्यापर्यंत जमा राहणार असेल तर दोन वर्षांचाही विचार करू. मात्र चाचणी असमाधानकारक ठरल्यास दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा हवी. बिल एकच असावे आणि सोबत नंबरनिहाय तक्ता असावा.

आणखी एका कंपनीकडेही आम्ही हीच विचारणा करत आहोत, हे आधीच सांगितलेले बरे. रायडरांच्या फोनमधली सिम बदलण्याची उठाठेव नको, म्हणून आमचा कल आपल्याकडे आहे. कृपया २० जानेवारीपर्यंत लेखी प्रस्ताव पाठवावा. चर्चेला येताना दर बदलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती सोबत असावी, म्हणजे एका बैठकीत काम होईल. सकाळी अकरा ते एक ही वेळ आम्हाला सोयीची आहे; संध्याकाळी आम्ही सगळे ऑर्डरींच्या गर्दीत असतो.

कळावे,

आपला,
मालक
(डिलिव्हरी सेवा, १४० पोस्टपेड सिमचे खातेदार)

सोबत :
१. डिसेंबरच्या बिलाची प्रत व नंबरनिहाय वापराचा तक्ता
२. चाचणीसाठी निवडलेल्या २० सिमची यादी