डिलिव्हरी ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज

नमस्कार साहेब,

तुमच्या भिवंडीच्या गोडाऊनला ड्रायव्हर पाहिजे असं कळलं म्हणून लिहितोय. मी 9 वर्षं गाडी चालवतोय, आधी टाटा एस आणि आता 14 फुटी आयशर, भिवंडी-नाशिक लाईन, कसारा घाट भर पावसात रात्रीचा पण केलाय. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 2029 पर्यंत चालू आहे. अ‍ॅक्सिडेंट एकही नाही, चलन एकच, ते पण माल उतरवताना नो पार्किंगचं. टायर, ब्रेक बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही आणि डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल तर कधीच नाही, बरेच जण करतात. दांडी मारत नाही, अडचण असली तर आदल्या दिवशीच सांगतो. ट्रायलला कधीही बोलवा.

आपला,
संतोष, कल्याण