बैठकीच्या जाळीतून निर्देशक: इयत्ता सातवीसाठी दोन तासिकांचा पाठ

हा पाठ रत्नागिरी तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका शाळेत, पंचवीस पटाच्या सातवीच्या वर्गासाठी तयार केला असून केंद्रातील सहकारी शिक्षकांना तो आपापल्या वर्गात जसाच्या तसा घेता यावा म्हणून सविस्तर लिहून ठेवला आहे. निर्देशक भूमितीचे स्वतंत्र प्रकरण मुलांना नववीत भेटते. परंतु स्तंभालेखांच्या निमित्ताने आलेखकागद त्यांच्या हातात त्याआधीच आलेला असतो आणि ऋण संख्यांचीही ओळख झालेली असते. त्यामुळे सातवीच्या मुलाला प्रतलावरचा बिंदू समजण्यात काहीच अडचण नाही, फक्त तो बिंदू आधी त्याच्या पायाखाली यायला हवा.

बाकांच्या रांगांवरून निर्देशक शिकवण्याची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी वापरली आहे, मीही वापरली आहे, आणि तिच्यातील एक उणीव मला बऱ्याच उशिरा कळली. बाक ही एक चौकट आहे. तिला लांबी आहे, रुंदी आहे, आणि तिची मोजणी एकपासून सुरू होते. आलेखावरचा बिंदू मात्र दोन रेषांच्या छेदावर असतो, त्याला लांबीरुंदी नसते आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. गेल्या वर्षी मी प्रत्येक लादीला एक जोडी देऊन मुलांना लादीच्या मधोमध बसवले, खेळ उत्तम रंगला, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाने आलेखकागदावर बिंदू देण्याऐवजी चौकोन रंगवून आणले. त्यांनी काहीही चूक केली नव्हती; मी जे शिकवले तेच त्यांनी केले होते. म्हणून या पाठात मुले लादीवर बसत नाहीत, लाद्यांच्या सांध्यांवर बसतात.

पूर्वतयारी

वर्गातील बाक भिंतींना लावून मधली जागा मोकळी करावी. आमच्या वर्गात दोन फुटी लाद्या आहेत. त्यांपैकी चार गुणिले चार लाद्यांचा चौरस घेतला की त्यात सांध्यांचे बरोबर पंचवीस छेद मिळतात. कोबा असेल तर खडूने तेवढ्याच अंतरावर रेषा आखाव्यात. मुलांची तोंडे फळ्याकडे राहतील. त्यांच्या पाठीमागचा, डाव्या हाताचा कोपरा हा आरंभबिंदू. तेथून उजवीकडे एक आणि फळ्याच्या दिशेने एक अशा काथ्याच्या दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात आणि त्यांच्याजवळ प्रत्येक सांध्याशी ० ते ४ हे अंक खडूने लिहावेत. पहिली दोरी हा एक्स अक्ष आणि दुसरी हा वाय अक्ष.

शिक्षकाने कोठे उभे राहायचे हे येथे फार महत्त्वाचे आहे. आपण सवयीने फळ्यापाशी, मुलांकडे तोंड करून उभे राहतो. तेथून मुलांची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते आणि सूचना देताना आपलीच गफलत होते. शिक्षकाने मुलांच्या मागे, आरंभबिंदूच्या कोपऱ्यात उभे राहावे. मग मुलांचे ‘उजवीकडे’ आणि ‘पुढे’ हेच आपलेही राहते, आणि नंतर हीच जाळी फळ्यावर काढली की ‘पुढे’चे ‘वर’ होते, एवढाच काय तो बदल.

पाटीही हवीच. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की लांबच्या मुलाला शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक सूचना पाटीवर लिहून उंच धरावी आणि मुलांनी मागे वळून ती वाचावी. यातून एक अनपेक्षित फायदाही झाला: मुले जोडी ऐकण्याऐवजी वाचू लागली, आणि कंस, स्वल्पविराम व अंकांचा क्रम त्यांच्या नजरेत आपोआप बसला.

पहिली तासिका

सुरुवातीला मुले अजून कडेच्या बाकांवर असताना एक प्रश्न विचारावा: “‘तिसऱ्यात दुसरा’ असे मी सांगितले, तर जाळीत कोणत्या जागेवर जाल?” काही मुले डावीकडून तीन मोजतील, काही फळ्यापासून तीन मोजतील, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम असतील. वाद थोडा वेळ चालू द्यावा. हा वाद मिटवण्यासाठी काय काय ठरवावे लागेल, हे मुलांकडूनच काढून घ्यावे: मोजायला कोठून सुरुवात करायची, कोणती दिशा आधी घ्यायची आणि पहिल्या जागेला कोणता अंक द्यायचा. ही तीन उत्तरे फळ्यावर लिहून झाली की मगच ‘आरंभबिंदू’, ‘अक्ष’ आणि ‘निर्देशक’ हे शब्द द्यावेत.

आता चिठ्ठ्या वाटाव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर (०, ०) पासून (४, ४) पर्यंतची एक जोडी असेल. मुलाने आरंभबिंदूवर येऊन उभे राहायचे, पहिल्या अंकाइतके सांधे उजवीकडे जायचे, मग दुसऱ्या अंकाइतके फळ्याकडे जायचे आणि तेथे बसायचे. प्रत्येकाने खरोखर आरंभबिंदूपासूनच चालत जावे, जागा नजरेने हेरून थेट जाऊन बसू नये. (०, ३) ची चिठ्ठी मिळालेला मुलगा जेव्हा उजवीकडे एकही पाऊल न टाकता सरळ दोरीवरून पुढे जातो, तेव्हा शून्याचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

त्या दिवशी दोन मुले गैरहजर होती. त्यांच्या सांध्यांवर आम्ही एकेक शिंपला ठेवला. “कोणी बसलेले नाही, मग तिथे बिंदू आहे का?” असे मी विचारल्यावर भंडारवाड्यातली एक मुलगी म्हणाली, “बाई, ती आली नाही, पण तिची जागा आहे ना.” बिंदूचे अस्तित्व त्यावर काय ठेवले आहे यावर अवलंबून नसते, हे याहून नेमके मला सांगता आले नसते.

सगळे बसले की पाटीवर सूचना येऊ लागतात. “ज्यांचा एक्स निर्देशक ३ आहे त्यांनी उभे राहा.” पाच मुलांची एक सरळ ओळ फळ्याच्या दिशेने उभी राहते. “ज्यांचे दोन्ही निर्देशक समान आहेत त्यांनी उभे राहा.” आता ओळ तिरकी आहे. “ज्यांच्या निर्देशकांची बेरीज ४ आहे त्यांनी उभे राहा.” ही ओळही तिरकी आहे, पण उलट्या दिशेने. बसलेल्या मुलांना ही ओळ स्पष्ट दिसते, उभ्या असलेल्यांना दिसत नाही. म्हणून उभ्या मुलांनी एकेक हात वर करावा आणि बसलेल्यांपैकी एकाने ओळीचे वर्णन मोठ्याने करावे. रने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूमितीतील आकृती आणि बीजगणितातील समीकरणे एकमेकांशी जोडली. तो जोड आपल्या लादीवर पाच मुलांच्या रूपाने उभा असतो, आणि समीकरणाचा आलेख हा शब्दही न वापरता मुलांनी तो पाहिलेला असतो.

तासिकेचा शेवट अदलाबदलीने करावा, कारण माझ्या मते या खेळाचा गाभा तोच आहे. पाटीवर लिहावे: “आपल्या जोडीतील अंकांची अदलाबदल करा आणि नव्या जागी जा.” (१, ३) वरची मुलगी (३, १) कडे निघते, तेथला मुलगा तिच्याच जागेकडे निघालेला असतो आणि दोघे वाटेत एकमेकांना भेटतात. अशा दहा जोड्या होतात आणि वीस जागांची अदलाबदल होते. शिंपल्यांनाही जवळच्या मुलाने हलवावे. पाच जण मात्र जागचे हलत नाहीत. ते का हलले नाहीत, हे त्यांनाच विचारावे. (१, ३) आणि (३, १) या वेगवेगळ्या जागा आहेत हे सूत्र म्हणून दहा वेळा सांगितले तरी मुले क्रम उलटा करतात. एकदा स्वतः चालत गेलेले मूल सहसा करत नाही.

क्रमाच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर एक अडचण खास आपली आहे. वर्गातील काही मुलांच्या घरी होडीवरचे जीपीएस यंत्र असते, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ते मुलांना घरातच पाहायला मिळते. त्यावर आपल्या भागाची जागा उत्तर सुमारे १७ अंश, पूर्व सुमारे ७३ अंश अशी दिसते, म्हणजे आधी अक्षांश आणि मग रेखांश. अक्षांश उत्तर-दक्षिण दिशेची जागा सांगतो. नकाशावर ती वर-खाली येते. म्हणजे यंत्र आधी ‘वर किती’ सांगते, तर आपण आधी ‘उजवीकडे किती’ सांगतो. एका मुलाने हे निदर्शनास आणले तेव्हा मी त्याला चुकीचे ठरवले नाही. क्रम हा माणसांनी आपसात केलेला करार आहे. दर्यावरचा करार वेगळा आहे आणि आलेखकागदावरचा वेगळा, आणि जेथे जो करार असेल तेथे तो पाळावाच लागतो, कारण होडीवर क्रम चुकला तर जाळे भलत्याच ठिकाणी पडेल.

दुसरी तासिका

मुलांनी आपापल्या मूळ जागी बसावे. आता कोणालाही न हलवता दोऱ्या हलवायच्या आहेत. दोन्ही दोऱ्या (२, २) वरच्या मुलापाशी एकमेकींना छेदतील अशा ताणून बांधाव्यात आणि जाहीर करावे की आरंभबिंदू आता येथे आहे. प्रत्येकाने आपला नवा पत्ता पाटीवर लिहावा. जो (०, ०) होता तो (−२, −२) झाला, आणि (४, १) वरची मुलगी (२, −१) झाली. दोन्ही अंकांतून प्रत्येकी २ वजा होतात हा नियम मुलांना पाच-सहा पाट्या शेजारी शेजारी धरल्या की सापडतो. तो आपण आधी सांगू नये. मूल जागचे हललेले नाही, तरी त्याचा पत्ता बदलला, ही गोष्ट त्यांना खूप वेळ बोलती ठेवते.

त्यानंतर चार चरणांची नावे घ्यावीत: उजवीकडचा फळ्याजवळचा पहिला, आणि तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढचे तीन. प्रत्येक चरणात चार जागा भरतात, म्हणजे एकूण सोळा. उरलेल्या नऊ जागा कोणत्याच चरणात नाहीत, त्या दोरीवर आहेत. दोरीवर बसलेल्या मुलांना हे आवडत नाही आणि ती शेजारच्या चरणात जागा मागतात. त्यांच्या जोडीत एक तरी शून्य आहे हे त्यांच्याकडूनच वाचून घ्यावे.

शेवटची वीस मिनिटे आलेखकागदासाठी राखावीत. (१, १), (४, १), (४, ३) आणि (१, ३) हे बिंदू स्थापन करून जोडायला सांगावेत आणि तयार झालेल्या आयताची लांबी विचारावी. निम्म्याहून अधिक मुले ४ म्हणतात, कारण त्या ओळीत चार मुले बसलेली त्यांना आठवतात. अशा वेळी कागद बाजूला ठेवून चार मुलांना पुन्हा सांध्यांवर उभे करावे आणि एकाला पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चालत जायला सांगून लाद्या मोजायला लावाव्यात. मुले चार, लाद्या तीन. लांबी ३, रुंदी २, क्षेत्रफळ ६ चौरस एकके, हे मग मुले स्वतःच पूर्ण करतात.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने आपल्या घराच्या अंगणाचा आलेख काढावा: तुळशीवृंदावन आरंभबिंदू, एक पाऊल म्हणजे एक एकक, आणि विहीर, पायरी, माड किंवा जाळे सुकवायचा खांब यांपैकी कोणत्याही पाच वस्तूंचे निर्देशक. ज्यांच्या अंगणात तुळस नसेल त्यांनी घराचा उंबरठा घ्यावा.

वह्या परत आल्या तेव्हा एका मुलाने विहिरीपुढे जोडी लिहिण्याऐवजी प्रश्न लिहिला होता: “विहीर दोन आणि तीन पावलांच्या मध्ये येते, मग काय लिहू?” तिसऱ्या दिवशी मी त्याला वर्गात दोन सांध्यांच्या बरोबर मध्ये, एका लादीच्या कडेवर बसवले आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता विचारला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि मग पाटीवर एकीने लिहिले: (२.५, १).